अजून एकच कार्ड काढ ना!

*ताई, टॅरो शिकून झाल्यावर मैत्रिणींना फुकट रीडिंग दिली. आता ऑनलाइन पैसे घेऊन सुरू केलंय. नवीन आहे म्हणून तीन कार्डांची फी अगदीच नावापुरती ठेवली. पण एक क्लायंट रोज रात्री मेसेज करते, “अजून एकच कार्ड काढ ना, तो परत येईल का?” नाही म्हणवत नाही. फी किती घ्यायची आणि कुठे थांबायचं?*
*— नवखी*

नवखे,

आधी घड्याळ लाव. पुढच्या चार-पाच रीडिंगना पहिल्या मेसेजपासून शेवटच्या मेसेजपर्यंतचा सगळा वेळ लिहून ठेव. समज, प्रश्न नीट करून घेण्यात 10 मिनिटं गेली, कार्डं मांडून वाचण्यात 15, फोटो काढून सविस्तर लिहून पाठवण्यात 20 आणि नंतरच्या शंकांना 15. हा झाला एक तास. तू बहुतेक त्यातल्या मधल्या 15 मिनिटांचेच पैसे धरले असशील.

तुझ्याकडे आज असलेल्या दुसऱ्या एखाद्या कौशल्याच्या कामाला तासाचे जेवढे मिळतात किंवा मिळाले असते, तेवढी तीन कार्डांच्या लेखी रीडिंगची फी ठेव. नवखेपणाची सूट द्यायची तर उघड दे: पहिल्या 20 रीडिंगना निम्मी फी, आणि पूर्ण फी शेजारीच लिहिलेली. म्हणजे पुढे फी वाढवताना कुणाची समजूत काढावी लागत नाही. दहा कार्डांचा सेल्टिक क्रॉस इतक्यात विकू नकोस. त्यात प्रत्येक कार्ड बाकीच्या नऊ कार्डांशी जोडून वाचावं लागतं, त्यामुळे वेळ कार्डांच्या हिशेबाने वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो. पैसे कार्डं काढण्याआधी घे. कार्डं काढण्याआधी कुणी रद्द केलं तर पूर्ण परत कर, काढल्यानंतर नाही. “खरं ठरलं तर पैसे देते” हा सौदा मात्र कधीच करू नकोस, कारण मग क्लायंटला आवडेल तेच तुझ्या तोंडून निघायला लागेल.

आता त्या बाईंबद्दल. धर, पहिल्या रात्री फाइव्ह ऑफ कप्स, द हर्मिट आणि टू ऑफ स्वोर्ड्स आली. सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघत उभा माणूस, एकटेपणा, डोळ्यांवर पट्टी बांधून टाळलेला निर्णय. या कार्डांचं सांगणं स्पष्ट आहे: दुःख अजून ताजं आहे, थोडं एकटं राहून बघ, आणि ठरवायचं तूच टाळते आहेस. त्यांना हे ऐकायचं नव्हतं. मग चौथं कार्ड, पाचवं, सहावं. गठ्ठ्यात 78 कार्डं आहेत, काढत राहिलीस तर कधीतरी टू ऑफ कप्स, म्हणजे दोघांच्या प्रेमाचं कार्ड, येणारच. त्या तेवढंच धरून ठेवणार, आणि पहिल्या तीन कार्डांवर तू घेतलेली मेहनत वाया. जादा कार्ड काढायचं ते आलेल्या एखाद्या कार्डाचा अर्थ अडला तर, आणि ते कधी काढायचं हे तू ठरवायचंस.

म्हणून नियम असा ठेव की फीमध्ये एक रीडिंग आणि 48 तासांत, आलेल्याच कार्डांबद्दल एक शंका. नवीन कार्ड म्हणजे नवीन रीडिंग. तोच प्रश्न पुन्हा हवा असेल तर महिन्याभराने, किंवा परिस्थिती खरंच बदलली तर. एक लक्षात घे, त्यांनी दर रात्री पूर्ण फी भरली तरी हा नियम सोडायचा नाही. घाबरलेल्या माणसाकडून रोज पैसे घेणं मला चुकीचं वाटतं, आणि या व्यवसायाचं नाव त्यानेच सर्वांत जास्त खराब होतं.

“त्याच्या मनात काय आहे?” असल्या प्रश्नांनाही नकार दे. तो माणूस तिथे नाही, त्याने विचारलेलं नाही, आणि तू सांगितलेलं खरं की खोटं हे पडताळायला काही मार्ग नाही. प्रश्न क्लायंटकडे वळवून घे: “या नात्यात मी काय धरून बसले आहे?” आजारपण, गरोदरपण, कोर्टकचेरी आणि गुंतवणूक यांवर वाचत नाहीस, हेही पैसे घेण्याआधीच लिहून कळव.

त्या बाईंना आज दिवसा, रात्री नव्हे, एवढं पाठव: “या प्रश्नावर मी महिनाभर नवीन कार्ड काढणार नाही. पहिल्या तीन कार्डांतलं काही समजलं नसेल तर उद्या संध्याकाळपर्यंत विचारा, मी एकदा सविस्तर उत्तर देईन. रात्री मी मेसेज बघत नाही.” माफी मागू नकोस, कारणंही देऊ नकोस, नाहीतर त्या कारणांवरच घासाघीस सुरू होते. त्या चिडल्या तर शेवटचे पैसे परत कर आणि काम थांबव. पण झोप उडाली आहे, जगावंसं वाटत नाही असं काही लिहिलं, तर हा नियम वगैरे बाजूला ठेव. कार्डं आणि फी दोन्ही विसर, लगेच उत्तर दे, घरचं कुणी जवळ आहे का विचार आणि डॉक्टर किंवा हेल्पलाइनशी त्यांचं बोलणं होईल असं बघ.

— ताई