लायसन्स रिन्यूअल आणि पत्ता बदल : आधी आधार की आधी आरटीओ?

"लायसन्स दोन महिन्यांनी संपतंय, वय ४३. त्यावर परळचा पत्ता आहे, आधारवरही तोच. आता दहिसरला भाड्याने राहतो, ॲग्रीमेंट बायकोच्या नावावर. सुरुवात कुठून करू?"

आधारपासून करा. लायसन्सच्या सारथी पोर्टलवर आधारने अर्ज भरला की पत्ता आधारवरचाच उचलला जातो आणि नवीन कार्ड पोस्टाने त्याच पत्त्यावर येतं, म्हणजे आज घाईत रिन्यूअल टाकलंत तर कार्ड परळला जाणार आणि तिथे घ्यायला कोणी नसेल तर परत फिरणार.

ॲग्रीमेंटवर तुमचं नाव नाही, पण त्याने अडत नाही. आधी बायकोने myAadhaar वर स्वतःचा पत्ता बदलून घ्यायचा, त्यासाठी ॲग्रीमेंट रजिस्टर केलेलं असलेलं बरं. तिचं झालं की तुम्ही तिथेच Head of Family वाला पर्याय घ्या, तिचा आधार नंबर टाका, नात्याचा पुरावा म्हणून मॅरेज सर्टिफिकेट जोडा. मग तिने तिच्या लॉगिनमधून ३० दिवसांत होकार द्यायचा, हे लोक हमखास विसरतात आणि अर्ज बाद होतो. तिचा पत्ता तुम्हाला जसाच्या तसा लागतो, त्यामुळे विंग आणि फ्लॅट नंबर तिनेच नीट टाकलेला बरा, मोठ्या सोसायटीत नुसत्या बिल्डिंगच्या नावावर पोस्टमन तरी कुठे शोधणार. सर्टिफिकेटवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय ना तेही आधीच बघा, लग्नाआधीचं आडनाव असेल तर तिथेच गाडी अडते.

हे होईपर्यंत डॉक्टरचं काम उरका. चाळिशी ओलांडली की फॉर्म १ए लागतो, त्यावर फोटो, डॉक्टरची सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर हवा.

आधार अपडेट झालं की sarathi.parivahan.gov.in वर महाराष्ट्र निवडा, लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाका, आणि रिन्यूअल व पत्ता बदल दोन्हीवर एकाच अर्जात टिक करा. वेगवेगळे अर्ज केलेत तर कार्डही दोनदा छापून घ्यावं लागेल. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो, तो नंबर चालू ठेवा. दहिसर बोरिवली आरटीओत येतं, तेव्हा आरटीओ निवडताना सवयीने ताडदेव टाकू नका.

आधारला उशीर झाला आणि मधेच लायसन्स संपलं तर? संपल्यापासून एक वर्षाच्या आत रिन्यूअल टेस्टशिवाय होतं, त्यानंतर मात्र परत टेस्ट द्यावी लागते. पण म्हणून तोवर गाडी चालवायची नाही हं. पूर्वी महिनाभराची सवलत मिळायची, ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली, आणि संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर इन्शुरन्सवाले आधी तेच बघतात. गाडीशिवाय अजिबात चालणार नसेल आणि परळच्या घरी अजून कोणी राहत असेल तर सरळ रिन्यूअल आधी करून घ्या, पत्ता नंतर बदला. फी दुसऱ्यांदा जाईल, पण लायसन्स चालू राहील.