एन्ट्री लेव्हलच्या तीन जाहिराती

"मॅडम, सायबर सिक्युरिटीत जायचंय. 'एन्ट्री लेव्हल' बघून अर्ज करतो, पण आत अनुभवच मागतात. चाळीस अर्ज झाले. माझ्यातच काही कमी आहे का?"

मी करिअरचा सल्ला देते. थोड्याफार फरकाने हेच वाक्य दर महिन्याला कुणीतरी माझ्यासमोर बोलतं. परवाचा मुलगा चोवीस वर्षांचा. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, चौदा महिने आयटी हेल्पडेस्क. नकारापेक्षा नकाराचा आपण लावलेला अर्थ जास्त छळतो, असं मी मानते. म्हणून त्याला सांगितलं, "तीन जाहिराती छापून आण. हुद्दा झाकून ठेव आणि फक्त क्रियापदं अधोरेखित कर."

पहिली जाहिरात होती सिक्युरिटी अॅनालिस्टची. अनुभव ०–२ वर्षं, आणि खाली 'सीआयएसएसपी आवश्यक'. मी विचारलं, "हे प्रमाणपत्र कधी मिळतं?"

"परीक्षा पास झाल्यावर."

तसं नाही. परीक्षेबरोबर ठरलेल्या आठ विषयांपैकी किमान दोनांत मिळून पाच वर्षांचं पगारी काम लागतं. कॉम्प्युटर किंवा तत्सम विषयातली पदवी असेल तर त्यातलं एक वर्ष माफ होतं. अनुभवाआधी परीक्षा दिली, तर 'असोसिएट' एवढंच म्हणवून घेता येतं. म्हणजे या जाहिरातीच्या दोन ओळी एकमेकींना खोडतात. जुना मजकूर तसाच चिकटवला असेल, नाहीतर अनुभवी माणूस फ्रेशरच्या पगारात हवा असेल. "इथून आलेला नकार तुझ्याबद्दल काय सांगतो?" तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. "काहीच नाही," म्हणाला.

दुसरी ज्युनिअर पेनटेस्टरची, म्हणजे परवानगी घेऊन यंत्रणेत घुसून कच्चे दुवे शोधणाऱ्याची. वर्षांचा आकडा कुठेच नव्हता, म्हणून ती त्याला सगळ्यात जवळची वाटत होती. अधोरेखित शब्द मात्र असे: क्लायंटसोबत चाचणीची व्याप्ती ठरवणे, स्वतंत्रपणे चाचणी करणे, अहवाल सादर करणे. 'स्वतंत्रपणे' म्हणजे शिकवायला शेजारी कुणी नाही. आकडा न लिहिता दोन-तीन वर्षं मागितलेली होती.

तिसरी त्याने नाइलाजानेच आणली होती. एसओसी अॅनालिस्ट एल-वन, म्हणजे यंत्रणांवर सतत नजर ठेवणाऱ्या सुरक्षा केंद्रातली पहिली पायरी; चोवीस तास फिरत्या पाळ्या. "हे नुसतं स्क्रीनकडे बघत बसायचं काम आहे, मॅडम." मी क्रियापदं वाचायला लावली: अलर्ट बघणे, रनबुकप्रमाणे तपासणे, तिकीट नोंदवणे, गरज पडल्यास एल-टूकडे पाठवणे. वर कुणीतरी आहे, पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत आणि कुठे थांबायचं तेही सांगितलंय. नवशिक्याची जागा अशी दिसते. तरी एक शब्द तपासावा लागतो. स्प्लंकसारख्या एसआयईएमची, म्हणजे सगळीकडचे लॉग एकत्र करून अलर्ट देणाऱ्या सॉफ्टवेअरची, 'माहिती असावी' लिहिलं असेल, तर घरी सराव करून भागतं. 'हाताळल्याचा अनुभव' लिहिलं असेल, तर वर्ष-दीड वर्ष मागतायत. आणि मुलाखतीत आपणही विचारावं: रात्रपाळीत एल-टू हजर असतो की फोनवर? पहिल्या महिन्यात कुणाच्या शेजारी बसवणार? उत्तर अडखळत आलं, तर कागदावर एल-वन असूनही माणूस एकटाच बसवणार असं समजावं.

"पण माझ्याकडे दाखवायला काय आहे? पासवर्ड रीसेटच केलेत."

"एक तिकीट सांग. नीट आठवेल असं."

एका बाईंचं अकाउंट दर तासाला लॉक होत होतं. दोनदा अनलॉक करूनही तेच. मग त्याने सीनियरकडून डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे ऑफिसमधली लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरचा, सिक्युरिटी लॉग मागवला. अकाउंट लॉक झाल्याची नोंद, इव्हेंट 4740. तिच्यातल्या Caller Computer Name मध्ये, म्हणजे लॉक कुठून झालं ते सांगणाऱ्या रकान्यात, बाईंच्या पीसीऐवजी मेल सर्व्हरचं नाव होतं. त्याने बाईंना विचारलं, "ऑफिसचा मेल आणखी कशावर बघता?" घरी जुना फोन होता. पासवर्ड चार दिवसांपूर्वी बदललेला. फोन जुन्याच पासवर्डने मेल ओढत होता.

मी म्हटलं, "आता हेच एल-वनच्या कामाच्या भाषेत सांग."

तो सांगू लागला: अलर्ट आला, लॉग पाहिला, उगम शोधला, हल्ला नाही याची खात्री केली, तिकीट बंद केलं. शेवटच्या शब्दांपर्यंत येता येता आवाज बदलला होता. इतकी वर्षं या खुर्चीत बसून एक ठामपणे सांगते: अनुभव नाही म्हणणाऱ्या बहुतेकांकडे तो असतो, फक्त वेगळ्या नावाने नोंदलेला असतो. हेल्पडेस्क, नेटवर्क मॉनिटरिंग, अकाउंटचे अधिकार देण्या-काढण्याचं काम, ही सगळी या क्षेत्राच्या आत उघडणारी दारं आहेत. पेनटेस्टिंगचं दार बहुतेकांना त्यानंतरच उघडतं.

त्याने रेझ्युमेतली 'पासवर्ड रीसेट व युजर सपोर्ट' ही ओळ खोडली आणि त्या तिकिटाच्या तीन ओळी लिहिल्या. पुढचे अर्ज नऊच केले: सहा एल-वन, तीन अकाउंटचे अधिकार सांभाळण्याच्या, म्हणजे आयडेंटिटी अँड अॅक्सेसच्या कामाचे. दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. पहिल्या मुलाखतीत विचारलं, "लॉक बाईंच्या फोनमुळेच होत होतं, हे कशावरून ठरवलंत?" त्याचं उत्तर होतं, "फोनवरचं खातं काढायला लावलं आणि दिवसभर 4740 पुन्हा येतो का ते बघितलं."