अ‍ॅनिमेतले निळे केस आणि कपाळावरची ती लाल खूण

प्रश्न: अ‍ॅनिमेत केस निळे-गुलाबी का असतात आणि चेहरे इतके वेडेवाकडे का करतात? तरीही पात्र कसं आहे, ते पहिल्या मिनिटात कसं कळतं?

उत्तर: चेहऱ्यांपासून सुरुवात करतो, कारण मूळ गोष्ट चित्रांच्या बचतीची आहे. सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण टीव्ही मालिकेत एकच चित्र बरेचदा तीन फ्रेम धरून ठेवतात. म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. १९६३ च्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’पासून दर आठवड्याला एक भाग द्यायचा, तर काटकसर करणं भागच होतं.

आता समजा, एका मुलीला राग आलाय आणि त्यासाठी दोन सेकंद आहेत. भुवया आक्रसणं, जबडा आवळणं, श्वास जड होणं असं सगळं रंगवायचं तर सोळा चित्रं लागतील, आणि एखाद्या चित्रात भुवई जरा जरी चुकली तरी राग रडवेला दिसेल. त्याऐवजी एकच चित्र धरायचं, डोळे पांढरे करायचे आणि कपाळाच्या कडेला फुगलेल्या शिरांची ती फुलीसारखी खूण काढायची. काम झालं. अशा खुणांना जपानीत ‘मान्पु’ म्हणतात, आणि त्या मांगामधून, म्हणजे जपानी चित्रकथांमधून आल्या आहेत. गालावरचा मोठा घामाचा थेंब म्हणजे अवघडलेपण, चेहऱ्यावरच्या उभ्या रेघा म्हणजे धक्का किंवा खिन्नता, नाकातला फुगा म्हणजे गाढ झोप.

यांतल्या काही खुणा मात्र शिकल्याशिवाय कळत नाहीत. मुलाच्या नाकातून रक्त आलं की नव्या प्रेक्षकाला वाटतं, कुणीतरी ठोसा मारला. खरं तर समोरच्या मुलीला पाहून तो चळलेला असतो!

केसांचं कारण वेगळं. अ‍ॅनिमेत डोळे मोठे, नाक जेमतेम एक रेघ, हनुवटी टोकदार. एका मालिकेतले बरेच चेहरे एकाच साच्यातले असतात. केस झाकून पाहा, कोण कोण ते ओळखणं अवघड जाईल. त्यामुळे ओळख केसांच्या रंगावर आणि आकारावर येते, आणि मग स्वभावही तिथेच टांगला जातो. ‘इव्हँगेलियन’मध्ये (१९९५) अबोल रेईचे केस फिकट निळे, तर तापट आसुकाचे लालसर. दोघी एका फ्रेममध्ये उभ्या राहिल्या की कोण आधी भांडेल, हे आवाज बंद असला तरी समजतं.

रंग निवडताना नवशिके एक चूक हमखास करतात: लाल आणि निळा सारख्याच गडदपणाचे घेतात. चित्र कृष्णधवल करून बघा, दोन्ही केस एकाच राखाडीत बुडतील. मांगा बहुतांशी काळ्या-पांढऱ्यातच छापतात, तिथे मग एकाचे केस भरीव काळे आणि दुसऱ्याचे कोरे ठेवावे लागतात.

रंगाला नियम मात्र समजू नका. गुलाबी म्हणजे गोड मुलगी हा संकेत इतका रुळलाय की लेखक मुद्दाम उलटवतात. ‘मिराई निक्की’मधली गुलाबी केसांची युनो कुऱ्हाड घेऊन फिरते.