उंदराने कुरतडलेली वायर आणि वाळवी लागलेलं वायरिंग

प्रश्न: जुन्या घरात आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, अधूनमधून पडतो. उंदीर किंवा वाळवीने वायर खराब केली असेल, तर ते कसं ओळखायचं? टेप मारून भागेल का?

मी वायरिंगची कामं करतो. अशा तक्रारीत बहुतेक जण प्रत्येक सर्किटचा छोटा ब्रेकर, म्हणजे एमसीबी, एकेक करून बंद करून बघतात आणि तिथेच फसतात. एकेरी एमसीबी फक्त फेज तोडतो. उंदराने न्यूट्रलचं आवरण सोललं असेल आणि ती तार अर्थला टेकत असेल, तर एमसीबी बंद करूनही आरसीसीबी पडत राहतो.

एका घरात नेमकं हेच होतं. मेन बंद केला, सगळी उपकरणं आणि दिवे काढले, प्रत्येक सर्किटची न्यूट्रल तार बोर्डातल्या न्यूट्रल लिंकमधून सोडवली आणि वायरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या ५०० व्होल्टच्या मेगरने अर्थशी तपासली. साध्या मल्टिमीटरवर विसंबू नका, त्याचा दाब फार कमी असतो. रोध किमान १ मेगाओम तरी यायलाच हवा. एका खोलीच्या न्यूट्रलला जवळजवळ शून्य आलं. मग त्या सर्किटच्या मधल्या जंक्शन बॉक्समधले जोड सोडवून दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या. दोष माळ्याकडच्या बाजूला निघाला. तिथे पाइप सांध्यातून निसटला होता आणि उघड्या वायरवर दातांच्या जोडीजोडीने खाचा होत्या, खाली लेंड्या.

टेपने भागत नाही. कुरतडताना आतल्या काही तारा तुटलेल्या असू शकतात. तेवढ्या जागी वायर बारीक होऊन तापते, आणि टेप उंदीर पुन्हा खातोच. म्हणून एका बॉक्सपासून दुसऱ्या बॉक्सपर्यंत त्याच जाडीची अखंड वायर नव्याने ओढली. पाइपमध्ये मधेच जोड ठेवायचा नाही, जोड फक्त बॉक्समध्ये. माळ्यावरच्या उघड्या भागाला लोखंडी पाइप घातला आणि त्याला अर्थ दिला. भिंतीतल्या भोकात स्टीलच्या तारेची लोकर कोंबून वर सिमेंट लावलं. नुसता फोम उंदीर सहज पोखरतो.

वाळवीची खूण वेगळी. स्विचबोर्ड उघडल्यावर आत ओली-सुकी माती दिसते, लाकडी पट्टी ठोकली की पोकळ वाजते. वाळवी मुख्यतः लाकडासाठी येते, पण वाटेत वायरचं आवरणही खरवडते. उन्हाळ्यात मेगर चांगलं दाखवतो, पावसाळ्यात तीच माती ओल धरते आणि गळती सुरू होते. त्यामुळे आरसीसीबी फक्त पावसाळ्यात पडत असेल, तर आधी बोर्ड उघडून बघा, अर्थात मेन बंद करून. चालू बोर्डात वाळवीचा फवारा कधीही मारू नका, आग लागू शकते. आधी भिंतीवर वाळवीचा उपचार, मग लाकडी पट्टी काढून पीव्हीसी पाइपात नवी वायर. क्रम उलटा केला तर नव्या कामातही माती भरते.

मेगर भाड्याने आणण्यापेक्षा परवानाधारक वायरमनला बोलवा, आणि त्याला न्यूट्रल वेगळी मोजायला आवर्जून सांगा.