आयईएलटीएसच्या रायटिंगचे गुण पुन्हा तपासून घेण्यासाठी ईमेल कसा लिहावा?

«अकॅडमिक दिली होती, 8 मार्चला. लिसनिंग 8, रीडिंग 7.5, स्पीकिंग 7 आणि रायटिंग फक्त 6. विद्यापीठाला रायटिंगमध्ये 6.5 हवेत. कारणं देऊन, पण उद्धट न वाटेल असा मेल कसा लिहू?»

मी नागपुरात धरमपेठेत या परीक्षेची तयारी करून घेते. निकालानंतरच्या आठवड्यात मुलं येतात आणि सगळ्यांचं एकच वाक्य असतं: ‘मॅडम, पेपर तं मस्त गेला होता.’ मेलमध्ये नेमकं हेच लिहायचं नसतं. तुम्हाला तुमची उत्तरपत्रिका परत दाखवत नाहीत, त्यामुळे ‘मी चांगलं लिहिलं होतं’ हे ना तुम्ही सिद्ध करू शकता, ना केंद्रातला माणूस पडताळू शकतो.

आधी तारीख बघा. या प्रक्रियेचं नाव ‘एन्क्वायरी ऑन रिझल्ट्स’, आणि अर्ज परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांत द्यावा लागतो. निकालाच्या तारखेपासून नाही. म्हणजे तुमची मुदत 19 एप्रिल. फी भरावी लागते, बँड वाढला तर ती परत मिळते. नुसत्या मेलने काम होत नाही, केंद्राचा फॉर्म भरावाच लागतो. तुमचे गुण माहीत नसलेला वरिष्ठ परीक्षक पेपर नव्याने तपासतो. त्याच्यासमोर तुमचा पेपर असतो, तुमची बाजू मांडणारं पत्र नसतं. मेलचं काम एवढंच की कारकुनाला दोन मिनिटांत कळावं, कुणाचा, कोणता पेपर तपासायचा आहे.

मग कारणं कशासाठी? खरं तर ती आधी तुमच्यासाठी. फी भरण्यापूर्वी कागद घेऊन बसा आणि प्रश्न आठवून लिहा. दुसऱ्या टास्कचं वजन पहिल्याच्या दुप्पट असतं, म्हणून सुरुवात तिथूनच. प्रश्नाचे दोन भाग होते का, आणि दोन्हींना उत्तर दिलं का? 250 शब्द भरले होते का? पहिल्या टास्कमध्ये आलेखाचं एकूण चित्र सांगणारी दोन वाक्यं होती, की नुसते आकडे एकामागून एक मांडले? ते एकूण चित्र नसेल, तर त्या टास्कच्या पहिल्या निकषावर वर जाणं अवघडच. यातलं काही सुटलं असेल, तर फेरतपासणीतही 6 च राहण्याची शक्यता मोठी, आणि मग ते पैसे पुढच्या परीक्षेसाठी ठेवलेले बरे. सगळं नीट असेल, तर रायटिंग बाकी तिघांपेक्षा एक ते दोन बँडने खाली आहे, हे कारण लिहिण्यासारखं आहे. पुरावा म्हणून नाही, निव्वळ विचारण्याचं निमित्त म्हणून.

तुमच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. आत्ता चौघांची सरासरी 7.125, म्हणून एकूण बँड 7. रायटिंग 6.5 झालं तर सरासरी 7.25, आणि 7.25 वर सरकवून 7.5 धरतात. म्हणजे अर्ध्या बँडने दोन आकडे बदलतात. हे मेलमध्ये लिहू नका. परीक्षकाला त्याच्याशी देणंघेणं नाही.

मेल इंग्रजीतच पाठवा. मी मराठीत लिहिते, म्हणजे प्रत्येक वाक्य का आहे ते कळेल:

«विषय: रायटिंगच्या फेरतपासणीची विनंती, उमेदवार क्रमांक …, परीक्षा 8 मार्च

महोदय/महोदया,
मी 8 मार्चला नागपूर केंद्रावर अकॅडमिक परीक्षा दिली. माझे गुण असे आहेत: लिसनिंग 8, रीडिंग 7.5, स्पीकिंग 7, रायटिंग 6.
फक्त रायटिंगची फेरतपासणी व्हावी, अशी विनंती आहे. हा गुण बाकीच्या तिन्ही कौशल्यांपेक्षा 1 ते 2 बँडने कमी आहे. मी दोन्ही टास्क वेळेत पूर्ण केले, आणि दुसऱ्या टास्कमध्ये प्रश्नाच्या दोन्ही भागांना उत्तर दिलं.
भरलेला फॉर्म आणि ओळखपत्राची प्रत सोबत जोडली आहे. फी भरण्याची पद्धत आणि निकाल कधी अपेक्षित आहे, ते कृपया कळवावं. फेरतपासणीचा निर्णय मला मान्य असेल.
आपला/आपली नम्र, …»

शेवटून दुसरं वाक्य हेच खरं विचारायचं असतं, म्हणून ते विसरू नका. ‘अन्याय झाला’, ‘परीक्षक निष्काळजी’, ‘माझं करिअर संपेल’ हे काढून टाका. माझ्या एका विद्यार्थ्याने आईचं आजारपण, बँकेचं कर्ज, सगळं दोन पानं लिहिलं आणि उमेदवार क्रमांकच राहिला. उत्तर आलं: कृपया क्रमांक कळवा. तोवर चार दिवस गेले होते.

केंद्र जोडलेली प्रत मागत नसेल, तर जोडू नका. उत्तर दोन-तीन दिवसांत आलं नाही, तर फोन करा. 19 तारखेची वाट बघत बसू नका. आणि विद्यापीठाची अंतिम तारीख जवळ असेल, तर त्यांनाही वेगळा छोटा मेल टाकून ठेवा, की फेरतपासणीचा निकाल यायचा आहे.