चूक झाली तर सांगते का, ते बघा

प्रश्न: आईला पॅरालिसिसचा झटका आलाय. ब्युरोतून 24 तासांची बाई ठेवली आहे. ती नीट सांभाळते का, हे कसं ओळखायचं? कॅमेरा लावावा का?

आमच्या आईची डावी बाजू गेली होती. पहिल्या तीन महिन्यांत दोन बायका येऊन गेल्या. तिसऱ्या मावशी आल्या त्या आई जाईपर्यंत, म्हणजे पावणेदोन वर्षं राहिल्या.

आधीच्या दोघी आईला वर सरकवताना बखोटीला धरून ओढायच्या. लुळ्या बाजूचा खांदा असा ओढला की सांध्यातून खाली सरकतो आणि फार दुखतो. आईला धड बोलता येत नव्हतं, ती नुसती कण्हायची. मावशींनी पहिल्याच दिवशी जुनी चादर दुमडून आईच्या कमरेखाली आडवी घातली, मला पलीकडे उभं केलं आणि आम्ही दोघींनी चादरीसकट तिला उचलून वर घेतलं. "फरफटलं की कातडं सोलतं, ताई," एवढंच म्हणाल्या. हात लावण्याआधी "आजी, आता कूस बदलूया बरं का" असं सांगायच्या, आई डोळे मिटून पडलेली असली तरी.

भरवताना त्या आईला ताठ बसवायच्या, पुढे अर्धा तास तसंच बसवून ठेवायच्या आणि शेवटी डाव्या गालात बघायच्या. लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो आणि रुग्णाला ते कळतही नाही. आडवं केल्यावर तोच घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. तुमच्याकडची बाई जेवणानंतर तोंडात बघते का, हे आजच पाहा.

पण माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो एका चुकीमुळे. पाचव्या महिन्यात एके दिवशी पहाटे साडेपाचला त्यांनी मला उठवलं. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. त्यांनी बोटाने दाबून दाखवला. साधी लाली दाबल्यावर क्षणभर पांढरी पडते, ही पडत नव्हती. म्हणजे बेडसोअरची सुरुवात. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "रात्री एकनंतर मला झोप लागली. कूस बदलायची राहिली. वहीतही तसंच लिहिलंय." वहीत दर दोन तासांची नोंद असायची, कुठली कूस, लघवी किती, खाल्लं किती. त्या पानावर एकनंतर थेट पाच वाजताची ओळ होती आणि मध्ये "झोपले" असा शब्द.

दादा त्या रविवारी आला आणि म्हणाला, काढून टाक, कॅमेरा लाव, दुसरी बघ. वर डागावर तेल चोळायला निघाला. लाल जागा कधीही चोळू नये, आतली दुखावलेली कातडी आणखी बिघडते. मी त्याला थांबवलं आणि आमचं तिथेच वाजलं. माझं म्हणणं होतं की मावशींना मधली तीन वाजताची ओळ खोटी भरणं अगदी सोपं होतं. तसं केलं असतं तर मला तो डाग जखम झाल्यावरच दिसला असता. आणि खरी चूक आमची होती. दिवसभर राबणाऱ्या एका बाईने रात्रीही दर दोन तासांनी उठावं, अशी अपेक्षा आम्ही पैसे वाचवायला केली होती. 24 तासांची बाई म्हणजे 24 तास जागी बाई नव्हे. त्या दिवसापासून रात्री एक आणि तीनची पाळी मी घेतली. दिवसाही आईला माकडहाडावर भार न येता कुशीवरच ठेवलं. आठवड्याभरात लाली गेली. दादा अजूनही म्हणतो की मी बाईची बाजू घेतली. मी आईचीच बाजू घेतली होती, दादा.

हवेची गादी आमच्याकडेही होती. तिच्यामुळे फरक पडतो, पण ती आहे म्हणून कूस बदलणं सुटत नाही.

काही गोष्टी मात्र विश्वासावर सोडू नका. ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणी घ्याच. इंजेक्शन आणि नाकातली नळी हे प्रशिक्षित नर्सचं काम आहे, तिथे बाईला भरीला पाडू नका. आमचा डाग वेळीच सापडला म्हणून घरी निभावलं. कातडी फाटली किंवा फोड आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ब्युरोचा फायदा एवढाच की बाई रजेवर गेली तर बदली मिळते. शिकवलेलं किती असतं ते बाईगणिक वेगळं, आमच्या पहिल्या दोघीही ब्युरोच्याच होत्या.

कॅमेरा लावायचाच असेल तर तिला सांगून लावा, आणि अंघोळ, कपडे, डायपरच्या वेळी तो बंद ठेवा. फोनवर ते चित्र घरातले सगळे बघणार असतात, आणि त्यात तुमची आई असते.