टॅन डेल्टा ०.७ च्या आत होता, तरी बुशिंग गेलं

«ऐरोलीत आमचा १०० केव्हीचा ट्रान्सफॉर्मर आहे, बुशिंग १२ वर्षं जुनी, ऑइल पेपरची. कालच्या टेस्टमध्ये टॅन डेल्टा आर ०.२२, वाय ०.२१, बी ०.४१ टक्के आलाय, २० डिग्रीला करेक्टेड. एजन्सी म्हणते लिमिट ०.७ आहे, बिनधास्त चार्ज करा. गुरुवारी चार्जिंग आहे. करू का?»

माझ्या मते करू नका, निदान दोन गोष्टी बघितल्याशिवाय तरी नाही. तुमचा ट्रान्सफॉर्मर मी पाहिलेला नाही, बुशिंगच्या मेकनुसार नियम बदलतात आणि शेवटचा शब्द उत्पादकाचा, हे आधीच सांगतो. पण आकडे वाचले आणि पोटात गोळा आला, कारण असाच कागद मी सही करून फाइलला लावला होता.

टेस्ट कशी करायची ते लिहीत नाही. टॅपवरून सी-वन, म्हणजे बुशिंगच्या मुख्य इन्सुलेशनचा कपॅसिटन्स, मोजणं, वाइंडिंगची टोकं न्यूट्रलसकट एकत्र बांधणं, दुसरी बाजू शॉर्ट करून अर्थ करणं, हे तुमच्या माणसांनी केलं असणारच. माझा प्रश्न «करेक्टेड» या एका शब्दाबद्दल आहे. मशिनवर प्रत्यक्षात काय दिसलं होतं आणि २० डिग्रीला आणताना त्याला कितीने भागलं?

आमचं काय झालं ते सांगतो. महापे भागातला कारखाना, तुमच्याच व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर, बुशिंग १४५ केव्ही वर्गाची. दरवर्षी बाहेरची एजन्सी टेस्ट करायची. बी फेजचा टॅन डेल्टा तीन वर्षं ओळीने ०.३२, ०.३२, ०.३२ आला. इतका स्थिर आकडा पाहून कोणाला शंका येणार? मलाही आली नाही.

पहिल्या वर्षीची टेस्ट जानेवारीत सकाळी झाली होती, ट्रान्सफॉर्मर रात्रीपासून बंद होता. दुसऱ्या वर्षी एप्रिल. तिसऱ्या वर्षी प्रॉडक्शनने जेमतेम अर्धा दिवस दिला, मे महिन्यातली दुपार, ट्रान्सफॉर्मर बंद करून दोन तास झालेले. बुशिंगचं तापमान म्हणून हवेचं आणि टॉप ऑइलचं सरासरी तापमान धरतात. तिसऱ्या वर्षी हवा ३६ आणि ऑइल ६४, म्हणजे ५० डिग्री. आधीच्या दोन वर्षी ते ३० आणि ४० होतं.

एजन्सीने २० डिग्रीवर आणण्यासाठी वाइंडिंगचा तक्ता वापरला होता. त्या तक्त्यात तापमानाचा फरक १० असेल तर १.२५ ने भागायचं, २० असेल तर १.५५ ने आणि ३० असेल तर १.९५ ने. आता उलटा हिशेब करा. बी फेजला मशिनवर दिसलेले आकडे होते ०.४०, ०.५० आणि ०.६२. भागल्यावर तिन्ही वर्षी ०.३२. चढत जाणारा आकडा भागाकाराने सपाट करून टाकला होता.

खरी मेख यापुढे आहे. ऑइल पेपरचं निरोगी, कोरडं बुशिंग या तापमानांत फारसं हलत नाही. ३० डिग्रीला ०.३० दाखवणारं बुशिंग ५० लाही साधारण तेवढंच दाखवतं. कागदात ओल शिरलेली असेल किंवा तेल म्हातारं झालं असेल, तरच तापमानाबरोबर आकडा वर चढतो. म्हणजे गरम असताना वाढलेला आकडा हाच आजाराचा पुरावा. वाइंडिंगच्या तक्त्याने आपण तोच पुरावा पुसतो. बुशिंगसाठी उत्पादकाने स्वतःचा तक्ता दिला असेल तर तो वापरावा. नसेल तर मी मोजलेला आकडा आणि तापमान शेजारी शेजारी लिहितो आणि भागाकाराच्या वाटेला जात नाही.

खूण डोळ्यांसमोर होती. आर आणि वाय मशिनवर तिन्ही वर्षी ०.३० च्या आसपास होते. भागल्यावर रिपोर्टात ते ०.२४, ०.१९ आणि ०.१५ झाले. म्हणजे कागदावर दोन बुशिंग वर्षागणिक तरुण होत चालली होती! इन्सुलेशन वापरून सुधारत नसतं. जूनच्या मध्यावर तिन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी ठेवले तेव्हा हे पहिल्यांदा खटकलं.

मी त्याच दिवशी एजन्सीच्या ऑफिसला फोन करून मशिनचे मूळ रीडिंग मागितले. उत्तर आलं, वर्क ऑर्डरमध्ये फक्त फायनल रिपोर्ट आहे, रॉ शीट आमचं अंतर्गत कागदपत्र आहे. मेल केला, परत केला. कोणी म्हणे साहेब रजेवर आहेत, कोणी म्हणे परचेसकडून पत्र आणा. परचेस म्हणे रिपोर्ट ओके आहे ना, मग पत्र कशाला? यात पाच आठवडे गेले. जुलैच्या एका रात्री बी फेजचं बुशिंग फुटलं. डिफरन्शियलने ट्रान्सफॉर्मर ट्रिप केला, पोर्सिलेनचे तुकडे यार्डभर उडाले. पाऊस होता म्हणून यार्डात कोणी नव्हतं, एवढंच नशीब. रॉ शीट ऑगस्टमध्ये आलं. एका पानाचा कागद होता तो. त्या पानासाठी काय काय झालं ते आठवलं की आजही राग येतो.

पण सगळा दोष त्यांच्यावर ढकलत नाही. दुसरा आकडा माझ्या हातात होता आणि तो मी वाचला नाही. बी फेजचा कपॅसिटन्स नेमप्लेटवर २८५ पिकोफॅरॅड. पहिल्या दोन वर्षी २८६ आणि २८७. तिसऱ्या वर्षी २९७. रिपोर्टात नेमप्लेटचा रकानाच नव्हता आणि मी मागचा रिपोर्ट काढून ताडून पाहिलं नाही. ५ टक्क्यांच्या आत आहे म्हणून कोणी बोललं नाही. वाढ ४.२ टक्के होती.

बुशिंगच्या आत कागदाचे थर आणि त्यांच्यामध्ये फॉइल असतात. म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले बरेच छोटे कपॅसिटर. २५ थरांपैकी एक शॉर्ट झाला तर उरलेले २४, आणि कपॅसिटन्स २५ भागिले २४ पट होतो, म्हणजे ४.२ टक्क्यांनी वाढतो. आमचं बुशिंग नंतर उघडलं तेव्हा वरच्या टोपीखालचा गॅस्केट कडक होऊन चिरलेला होता, तिथून पाणी उतरलं होतं आणि आतला एक थर जळून आरपार गेलेला होता. ओलीने टॅन डेल्टा हळूहळू चढतो, पण थर गेला की कपॅसिटन्स पायरीसारखा उडी मारतो. एक थर गेला की तेवढंच व्होल्टेज उरलेल्यांवर वाटलं जातं, मग पुढचा थर जायला वेळ लागत नाही. त्यामुळे कपॅसिटन्समध्ये अचानक ३-४ टक्क्यांची उडी दिसली तर मी ५ ची वाट पाहत नाही.

०.७ या आकड्याबद्दल माझं मत ठाम आहे. ऑइल पेपरचं बुशिंग नवं असताना कारखान्यातल्या रुटीन टेस्टमध्ये पास व्हायला ही कमाल मर्यादा आहे. ०.३ ने जन्मलेलं बुशिंग ०.६ ला आलं तर ते मर्यादेत आहे आणि आजारीही आहे. तुलना त्याच्या नेमप्लेटशी, मागच्या वर्षीशी आणि शेजारच्या दोन फेजशी करायची. नेमप्लेटच्या दुप्पट झालं की मी थांबतो. तुमचा बी फेज शेजाऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहे, आणि तोही भागाकार झाल्यानंतर.

आता तुम्ही काय करावं. आजच एजन्सीकडून मशिनचे मूळ रीडिंग, दोन्ही तापमानं आणि ज्या आकड्याने भागलं तो आकडा लेखी मागा. शिडी लावून बी फेजच्या नेमप्लेटचा फोटो घ्या, त्यावर सी-वन आणि टॅन डेल्टा दोन्ही कोरलेले असतात. मग बी फेजची टेस्ट परत करा. त्याआधी पोर्सिलेन आणि टॅपची जागा कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसून घ्या. आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि एमआयडीसीची धूळ, त्यात दमटपणा. १० केव्हीला २८५ पिकोफॅरॅडच्या बुशिंगमध्ये ०.३ टक्क्याचा अर्थ फक्त २७ मिलीवॅट, एवढ्या लहान मापात पृष्ठभागावरची ओल सहज घोटाळा करते. कधी आकडा फुगतो, कधी चक्क उणे येतो. उणे आला तर बुशिंग उत्तम नाही, मोजणी चुकली आहे. ऊन पडल्यावर, दहा-अकरानंतर मोजा.

त्यानंतर २, ५ आणि १० केव्हीला मोजा. व्होल्टेजबरोबर चढत असेल तर आत डिस्चार्जची शंका, उतरत असेल तर आधी टॅपचा आणि लीडचा संपर्क तपासा. शक्य असेल तर पुढच्या शटडाऊनला ट्रान्सफॉर्मर गरम असताना एकदा आणि दुसऱ्या सकाळी थंड झाल्यावर एकदा मोजा. मे महिन्यात हे आम्ही केलं असतं तर दोन आकड्यांतच सगळं उघड झालं असतं.

एक काकुळतीची सूचना. टेस्ट झाल्यावर टॅपची टोपी परत नीट बसली का हे स्वतः बघा आणि टोपी कसण्याआधी आतला स्प्रिंग किंवा पिन जागेवर असल्याची खात्री करा. टॅप अर्थ न होता चार्ज केला तर त्यावर हजारो व्होल्ट येतात, आणि त्याचं इन्सुलेशन जेमतेम दोन हजारांच्या टेस्टसाठी बनवलेलं असतं. चांगलं बुशिंग टेस्ट केल्यामुळे गेलं, अशी उदाहरणं आहेत.

या टेस्टलाही मर्यादा आहेत. मोजतो १० केव्हीला, बुशिंग चालतं जवळपास ५८ ला, त्यामुळे काही दोष यात दिसतच नाहीत. आणि हे सगळं ऑइल पेपरच्या बुशिंगबद्दल आहे, रेझिनच्या बुशिंगचं वागणं वेगळं असतं. आतलं तेल काढून गॅस तपासायचा मोह होतो, पण बंद बुशिंगमध्ये तेल थोडंच असतं, उत्पादकाला विचारल्याशिवाय प्लग उघडू नका.

गुरुवारच्या आत नेमप्लेटचा सी-वन आणि काल मोजलेला सी-वन इथे टाका. तो ३ टक्क्यांहून जास्त वाढलेला असेल तर मी तुमच्या जागी असतो तर चार्जिंग रद्द करून स्पेअर बुशिंग काढायला सांगितलं असतं, प्रॉडक्शनने कितीही आरडाओरडा केला तरी. स्पेअरचीही आधी टेस्ट करा. गोदामात वर्षानुवर्षं आडवं पडलेलं बुशिंग कोरडं असेलच असं नाही.